ओल्या केसांचा गुंता: बोटं, मोठ्या दातांचा कंगवा की ब्रश?

माझ्या पार्लरमध्ये नवीन मुलगी कामाला लागली की पहिले पंधरा दिवस तिच्या हातात कात्री येत नाही. फक्त ओले केस सोडवायचे. मुली कंटाळतात, पण या पंधरा दिवसांत मला त्यांचा हात कळतो. कुणी कंगवा मुळाशी टेकवते आणि सरळ खाली ओढते, कुणी गुंता लागला की जोर वाढवते. खुर्चीतल्या बाईची मान मागे खेचली जाते, डोळे बारीक होतात, पण ती बोलत नाही. लहानपणी आईच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेताना केस ओढले जायचेच, त्यामुळे दुखणं हा विंचरण्याचाच भाग आहे असं आपण धरून चाललेलो असतो.

न्हाल्यावर केस कशाने सोडवावेत, हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. सगळ्यांना चालेल असं एक उत्तर मला देता येत नाही. सरळ केसांच्या बाईला जे सांगते त्याच्या जवळजवळ उलट कुरळ्या केसांच्या मुलीला सांगते. का, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

पाण्यात केसाचं काय होतं

केसाच्या बाहेरच्या बाजूला खवले असतात, माशासारखे, एकावर एक बसलेले आणि टोकाच्या दिशेने झुकलेले. एक केस दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे सरकवा, गुळगुळीत लागेल. टोकाकडून मुळाकडे सरकवा, किंचित खरखरीत लागेल. तेच ते खवले. केस भिजला की तो फुगतो, त्याची जाडी साधारण १५ टक्क्यांनी वाढते आणि खवल्यांच्या कडा थोड्या उचलल्या जातात. शेजारशेजारचे ओले केस म्हणूनच एकमेकांना जास्त घासतात आणि चिकटून राहतात.

केसाच्या आतही बदल होतो. केसाला आकार आणि ताठपणा देणारे काही बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. रात्री ओली वेणी घातली की सकाळी केसांना लाटा येतात, त्या यामुळेच. हे बंध सुटलेले असताना केस लवचीक असतो पण कमजोरही असतो. निरोगी ओला केस त्याच्या लांबीच्या साधारण ३० टक्के ताणला तरी पूर्ववत होतो. त्यापुढे ओढलात तर तो ढिल्या रबरासारखा होतो किंवा तुटतो.

एवढंच खरं असतं तर ‘ओल्या केसांना हात लावू नका’ असं सांगून मी मोकळी झाले असते. सरळ केसांसाठी तो सल्ला बऱ्यापैकी योग्यही आहे, कारण सरळ केस वाळल्यावर विंचरायला कमी जोर लागतो. कुरळ्यांचं मात्र उलट आहे. वाळलेल्या कुरळ्या केसांची वळणं एकमेकांत आकड्यांसारखी अडकतात आणि त्यांतून कंगवा न्यायला खूप जोर लागतो. तेच केस भिजले की वळणं सैल पडतात, केस एकमेकांना समांतर येतात आणि कंडिशनर लावला की घसरतात. म्हणून सरळ केस थोडे वाळू द्यायचे आणि कुरळे केस ओले असतानाच सोडवायचे.

आपले केस कोणते

केस एकदा नुसते धुवा. तेल नको, सिरम नको. विंचरू नका, हवेवर वाळू द्या. वाळल्यावर ते खाली सरळ पडले तर सरळ. इंग्रजी एस अक्षरासारखी लांबट लाट आली तर लहरी. बोटाभोवती गुंडाळल्यासारखी वळणं आली तर कुरळे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच बायका वर्षानुवर्षं रोज वाळलेले केस विंचरतात, वर तेल लावून चोपून वेणी घालतात आणि आपले केस ‘फुगणारे’ आहेत एवढंच म्हणतात. त्यातल्या कितीतरी जणींचे केस प्रत्यक्षात लहरी किंवा चक्क कुरळे निघतात.

दुसरी गोष्ट जाडी. एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. आहे की नाही तेच कळत नसेल तर केस बारीक. शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. दाट केस आणि जाड केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक पण भरपूर केस असलेल्या बायका पुष्कळ असतात आणि सगळ्यात चिवट गुंता त्यांच्याच डोक्यात होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे केसांवर काय काय झालंय. ब्लीच, हायलाइट, स्मूदनिंग, वारंवार इस्त्री. असे केस पाणी पटकन पितात आणि ओले असताना फार ताणले जातात. ब्लीच केलेला केस ओला असताना हळूच ओढून पाहा. तो च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आला नाही, तर त्या केसांना कंगवाही लावू नका. खाली सांगितलेलं बोटांचं काम तेवढं करा.

तीन साधनं, तिघांचे स्वभाव

बोटांना कळतं, हा त्यांचा मोठा गुण. कंगवा गाठीवर आदळतो आणि मगच आपल्याला समजतं. बोटाला गाठ आधी लागते, किती घट्ट आहे तेही लागतं, आणि ती खाली न ओढता आडवी फाकवून सैल करता येते. पण बोटांतून बारीक गाठी निसटतात आणि आपोआप गळलेले केस पूर्ण निघत नाहीत. ते आतच राहिले की दोन दिवसांनी नवा गुंता त्यांच्याभोवतीच तयार होतो. नुसत्या बोटांवर भागवणाऱ्यांच्या मानेमागे बहुधा एक जुनाट पुंजका असतो. हात लावण्याआधी अंगठ्या काढा. खड्याच्या अंगठीने केस अडकवून घेतलेली गिऱ्हाइकं मी पाहिलेली आहेत, आणि एकदा ती अंगठी माझीच होती.

मोठ्या दातांचा कंगवा म्हणजे ज्याच्या दोन दातांमध्ये करंगळीचं टोक जवळजवळ शिरेल असा, साधारण ५ ते ८ मिलिमीटर अंतराचा. दात लांब हवेत, नाहीतर दाट केसांत तो वरवरच फिरतो. घेताना दातांच्या कडेवरून नख फिरवा. स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्यावर साच्याचा जोड राहिलेला असतो, एक बारीक धारदार रेघ. ती केसाचे खवले खरवडते. घरी जॉर्जेटची ओढणी असेल तर कंगवा तिच्यावरून फिरवा. धागा अडकला तर तो कंगवा बाजूला ठेवा. लाकडी कंगवा छान असतो, पण सतत पाण्यात राहिला की फुगतो आणि दाताला चीर जाते. तो न्हाणीघरात ठेवू नका आणि अधूनमधून खोबरेल तेलाने पुसा.

आणि फणी? ती उवा-लिखांसाठी. तिचे दात इतके जवळजवळ असतात की ओल्या गुंत्यात ती घातली तर केस तुटणारच. उवा काढायच्या असतील तर आधी मोठ्या कंगव्याने केस पूर्ण मोकळे करा, मगच कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून फणी फिरवा.

ब्रशच्या बाबतीत गोंधळ जास्त, कारण ब्रश हा एक शब्द चार वेगवेगळ्या वस्तूंना वापरतात. ब्लो-ड्रायचा गोल ब्रश ओल्या गुंत्यात कधीच घालू नका. तो केस स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि मग तोच सोडवून घ्यावा लागतो. ज्यात काड्यांऐवजी राठ केसच दाटीने बसवलेले असतात तो ब्रश वाळलेल्या केसांना तकाकी आणायला असतो. फुगीर गादीचा चपटा ब्रश चालतो, पण त्याच्या काड्यांच्या टोकांवरचे बारीक मणी शाबूत हवेत. सहा महिन्यांत दोनचार मणी गळतात आणि उघडी काडी टाळू ओरबाडते. ओल्या केसांसाठी म्हणून मिळतो तो चौथा, सहज वाकणाऱ्या, लांब-आखूड काड्यांचा. गाठ लागली की त्याची काडी वाकते आणि केस सुटतो. बारीक, सरळ, खांद्यापर्यंतच्या केसांना तो छान चालतो.

ब्रशचा खरा दोष म्हणजे तो वरचा थर गुळगुळीत करतो आणि काम झालं असं भासवतो. ब्रश फिरवून झाला की बोटं मानेजवळून आत घाला आणि टोकापर्यंत न्या. निम्म्या वेळा आत गुंता तसाच सापडतो.

धुण्याआधी आणि धुताना

बराचसा गुंता आपण नळाखालीच करून घेतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी कपडे चोळावेत तसे चोळले की झालंच. शाम्पू फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी पुढे-मागे फिरवा आणि केस खाली लोंबतेच ठेवा. धुताना फेस केसांवरून वाहतो, टोकांना तेवढा पुरतो. सरळ आणि लहरी केसवाल्यांनी पाणी घेण्याआधी वाळलेले केस एकदा विंचरून घ्यावेत. कुरळे केस वाळलेले विंचरू नयेत, पण मोठ्या गाठी थोडं तेल लावून बोटांनी फाकवून घ्याव्यात.

तेल म्हणजे आपलं खोबरेल. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी फक्त खोबरेलाने धुताना होणारी प्रथिनांची झीज ठळकपणे कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरू शकतं. आत तेल असलं की केस पाण्याने कमी फुगतो. न्हाण्याआधी तासभर, लांबीवर, एखादा चमचा पुरे. डोकं थबथबून टाकलं तर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि कमावलेलं सगळं त्यात जातं.

शिकेकाईने न्हाणाऱ्यांचे केस बरेचदा स्वच्छ पण कोरडे आणि गुंतलेले असतात. पूड थेट लावली की तिचे कण केसांत अडकतात. पूड उकळून, पंचातून गाळून नुसतं पाणी वापरा. साबणाची वडी मात्र केसांना नकोच. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा चिकट थर बसतो आणि त्यावर कुठलाही कंगवा अडतो.

सोडवण्याच्या पायऱ्या: कुरळे आणि दाट लहरी केस

हे काम न्हाणीघरातच, कंडिशनर केसांवर असताना करायचं. कंडिशनरमधले घटक केसाच्या झिजलेल्या जागांना धरून बसतात आणि दोन केसांमधलं घर्षण कमी करतात. खांद्यापर्यंतच्या केसांना एक मोठा चमचा, कमरेपर्यंतच्या दाट केसांना तीनेक चमचे. मुळांपासून चार बोटं सोडून खाली लावा. केस इतके ओले हवेत की मुठीत दाबले तर पाणी ठिबकलं पाहिजे. दोन-तीन मिनिटं थांबा.

आता कपाळापासून मानेपर्यंत एक भांग आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरा. चार भाग झाले. तीन चिमट्यांनी बांधून ठेवा. सुटा राहिलेल्या भागातून दोन बोटं रुंदीची बट घ्या. ही बट टोकापासून चार बोटं वर डाव्या मुठीत घट्ट धरा. ही मूठ हीच सगळी युक्ती आहे. खाली कितीही ओढ बसली तरी ती मुठीपाशी थांबते, मुळापर्यंत जात नाही. मुलं रडायची थांबतात ती इथेच.

आधी बोटं. मुठीखालच्या केसांतून बोटं खाली न्या. गाठ लागली की ओढू नका. दोन्ही हातांच्या चिमटीत गाठीच्या दोन कडा धरा आणि आडव्या, हळूहळू दूर करा, पिंजलेला कापूस सोडवतात तशा. मोकळी झाली की मूठ चार बोटं वर, पुन्हा तेच. असं करत मुळापर्यंत. मग त्याच बटेतून, त्याच क्रमाने, टोकापासून वर चढत मोठा कंगवा. कंगव्याचा हात दरवेळी खालच्याच दिशेने जातो, पण सुरुवात दरवेळी थोडी वरून होते. बट पूर्ण झाली की तिला सैल पीळ देऊन ठेवा, म्हणजे शेजारच्या बटेत मिसळत नाही.

कंबरेपर्यंतच्या दाट कुरळ्या केसांना पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास लागतो. मधेच केस ओढल्यासारखे लागले तर कंडिशनर वाळतोय. पाण्याचा हबका मारा, कंगवा नंतर. शेवटी धुऊन टाका आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत कंगवा विसरा. वाळल्यावर कुरळे केस विंचरले की वळणं फुटतात आणि डोक्याभोवती ढग जमतो. ‘माझे केस फुगतात’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं.

अगदी घट्ट, पेनातल्या स्प्रिंगसारखी बारीक वळणं असलेल्या केसांना, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये जास्त दिसतात तशा केसांना, हीच पद्धत आणखी लहान बटांत आणि आणखी सावकाश लावावी लागते. या केसांत एकच केस स्वतःभोवती गाठ मारून घेतो. अशी गाठ सुटत नाही. ती धारदार कात्रीने गाठीच्या लगेच वर कापून टाकायची.

सरळ आणि हलक्या लहरी केसांसाठी

इथे घाई हाच शत्रू आहे. कंडिशनर केसांवर असताना फक्त बोटं एकदा फिरवा आणि धुवा. नंतर पंचाने किंवा जुन्या सुती टी-शर्टने केस मुठी-मुठीने दाबा. आपल्याकडे मान तिरकी करून पंचाने केस फटाफट झटकायची जुनी पद्धत आहे. दिसायला छान, पाणीही उडतं, पण ओल्या केसांवर तो फटका फार वाईट बसतो. टोकं फाटलेली बाई दिसली की मी आधी पंचाबद्दलच विचारते.

मग थांबा. हाताला केस गार लागतात पण ओंजळीत पाणी येत नाही, इथपर्यंत. पंख्याखाली मध्यम केसांना वीस मिनिटं ते अर्धा तास, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. या अवस्थेत मोठ्या कंगव्याने टोकापासून वर, तशाच मुठीने. केस बारीक आणि खांद्यापर्यंत असतील तर वाकणाऱ्या काड्यांचा ब्रश इथे कंगव्यापेक्षा बरा. बारीक केसांच्या बारीक गाठी मोठ्या दातांमधून तशाच निसटतात, ब्रशच्या काड्यांना त्या सापडतात. केस जाड आणि लांब असतील तर कंगवाच.

ऑफिसची लोकल पकडायची आहे, थांबायला वेळ नाही? मग सकाळी न्हाऊ नका, रात्री न्हा. नाहीतर केस ओले असतानाच बोटांनी मोकळे करून सैल चिमटा लावा आणि विंचरायचं काम ऑफिसात पोचल्यावर करा. ओल्या केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा मात्र नको. ताणलेला ओला केस तसाच वाळतो आणि कपाळाच्या कडेचे केस आधी जातात.

एक गठ्ठा, अडीच तास

मागच्या पावसाळ्यात एक बाई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचे केस कुरळे, बारीक आणि कमरेपर्यंत. तापाने आठ दिवस अंथरुणाला होती, वेणी सुटली नव्हती, उशीवर डोकं घासत होतं. मानेवर तळहाताएवढा चपटा गठ्ठा झाला होता, नमद्यासारखा. आईने घरी दोनदा शाम्पू करून पाहिला होता आणि गठ्ठा आणखी आवळला होता. हेच होतं. पाणी आणि चोळणं यांनी लोकरीचा नमदा बनतो, तसाच केसांचाही.

“ताई, कापूनच टाका, हिचे हाल नको,” आई म्हणाली. मुलगी काहीच बोलत नव्हती, फक्त आरशातून माझ्या हातातल्या कंगव्याकडे बघत होती. मी कंगवा खणात ठेवला.

केस वाळलेलेच ठेवले. बाकीचे मोकळे केस वेगळे करून चिमट्यांनी बांधले, नाहीतर तेही ओढले जातात. गठ्ठ्यावर आधी दोन चमचे खोबरेल, वर सुमारे चार चमचे कंडिशनर, बोटांनी थोपटून आत जिरवलं आणि वीस मिनिटं तशीच बसवली. मग गठ्ठ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात. मधोमध हात घालायचा मोह होतो, पण तिथलं काही हलत नाही. कडेचे पाच-सहा केस चिमटीत धरायचे, उरलेला गठ्ठा दुसऱ्या हाताने दाबून ठेवायचा आणि आडवं ओढायचं. जिथे बोट शिरलं नाही तिथे शेपटीच्या कंगव्याच्या दांडीचं बोथट टोक घालून गाठीचा फास सैल केला. त्याचे दात वापरले नाहीत. दर दहा मिनिटांनी कंडिशनरचा एक हात.

तासाभराने गठ्ठा निम्मा झाला. तिला पाणी, बिस्कीट दिलं, मान मोकळी करायला लावली. पुढचा तास तसाच गेला. मोठा कंगवा खणातून बाहेर काढला तो शेवटच्या अर्ध्या तासात, टोकांकडून. बोराएवढ्या दोन गाठी काही केल्या सुटेनात. त्या आडव्या न कापता केसांच्या दिशेने, उभ्या, कात्रीच्या टोकाने दोन ठिकाणी चिरल्या. असं केलं की गाठ फुटते आणि केस मोजकेच जातात. मग डोकं धुतलं.

टेबलावर गुंतवळाचा मुठीएवढा गोळा जमला आणि आईचा चेहरा उतरला. मी त्यातले काही केस पांढऱ्या टॉवेलवर पसरून दाखवले. बहुतेक केस पूर्ण लांबीचे होते आणि एका टोकाला बारीक पांढरट मणी होता. हे आपोआप गळलेले केस. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचं. आठ दिवस वेणी बंद, म्हणजे चारशे ते आठशे केस आतच अडकून राहिलेले. गठ्ठा मुख्यतः त्यांचाच होता.

“काकू, म्हणजे मी टकली नाही होणार?” तेव्हा कुठे ती बोलली.

चुकतंय हे कसं ओळखायचं

घरीही हाच टॉवेल वापरा. विंचरून झालं की कंगव्यातले केस पांढऱ्या कापडावर पसरा. लांब आणि मणीवाले केस असतील तर काळजी नाही, मग ते चार दिवसांनी न्हाल्यामुळे कितीही दिसोत. दोन-चार सेंटीमीटरचे, मणी नसलेले तुकडे जास्त दिसले तर केस गळत नाहीत, तुटतायत. म्हणजे हात चुकतोय किंवा साधन. लांब मणीवाले केस आठवडेच्या आठवडे नेहमीपेक्षा खूप जास्त येत असतील, भांग रुंद होत असेल किंवा टाळूवर चट्टे दिसत असतील, तर कंगवा बदलून काही होणार नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

दुसरी खूण कानाला कळते. विंचरताना टक्, टक् असा बारीक आवाज येतो ना, तो केस तुटल्याचा. पंखा बंद करून एकदा ऐका. आवाज आला की त्या जागी थांबा, कंगवा बाहेर काढा, दोन बोटं खालून पुन्हा सुरुवात करा. बहुतेक वेळा आपण फार वरून सुरू केलेलं असतं.

आणि टोकांशी नेहमीच जास्त अडत असेल तर त्यात नवल नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या ७५ सेंटीमीटर केसाचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. तेवढे उन्हाळे, तेवढी न्हाणी, तेवढे पंचे त्याने सोसलेले असतात. खवले झिजलेले असतात, फाटे फुटलेले असतात. असे फाटे शेजारच्या केसांत अडकतात आणि कितीही चांगला कंगवा घेतला तरी गुंता होतच राहतो. तिथे दोन बोटं केस कापून टाकणं हाच उपाय, दर तीन-चार महिन्यांनी.

कंगवा आणि ब्रश आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू घालून धुवा. गादीच्या ब्रशमधले केस आधी काढा आणि तो काड्या खाली करून वाळवा, नाहीतर गादीच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि पावसाळ्यात त्याला वास येतो.